कंसातला ज

रुळावरची अक्षरं वाचायला खडू लागतो. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीला आम्ही वेब म्हणायचो. तिच्या एका अंगाला कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार, साल अशी अक्षरं उठावाने येतात, कारण ती लाटणाऱ्या रोलमध्येच खोदलेली असतात. दुसऱ्या अंगाला हीट नंबर असतो. तो रूळ लाल असतानाच ठोकलेला, म्हणून खोल. गार झालेल्या रुळावर निळसर-काळी खपली असते आणि संध्याकाळच्या पाळीला शेडमधल्या दिव्यांखाली दोन्हीही धड दिसत नाहीत. मग खडू आडवा धरायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. उठावाची अक्षरं पांढरी होतात. खोल अक्षरांत खडू पोचत नाही, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यात ती काळी राहतात. भिलाईच्या रेल मिलमध्ये माझी नोकरीची सगळी वर्षं रूळ तपासण्यात गेली आणि या दोन तऱ्हांची अक्षरं माझ्या बोटांना नावानिशी ओळखायला लागली.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. टेबलावर रूळ नाही, एका दगडाचे तीन फोटो आहेत. माझं आजोळ अलिबागजवळचं. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही इथून नागपूर, तिथून मुंबई, मग लाँचने रेवस असे जायचो, आणि आईच्या गावाहून रेवदंड्याकडे जाताना अक्षी लागायचं. अक्षीचा शिलालेख तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा होता. आई बोट दाखवून म्हणायची, "तो बघ जुना दगड." एवढंच. त्याच्यावर काय लिहिलंय ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं मलाही वाटलं नव्हतं. मागच्या पावसाळ्याआधी भाच्याने फोटो पाठवले. फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही रूळ वाचायचात, आता हे वाचा." त्याने ते सहज म्हटलं होतं. पण मी ते छापून आणले, पाठीमागे पुठ्ठा लावला आणि बसलो. त्याला आता आठ महिने झाले.

रूळ आणि दगड यांत एक फरक आहे, तो मला पहिल्याच दिवशी जाणवला. रोल फिरत असतो, म्हणून रुळावर तीच अक्षरं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतात. तेरा मीटरच्या रुळावर एका जागी अक्षर पुसट आलं तर चार पावलं पुढे जायचं. तिथेही पुसट असेल तर आणखी चार पावलं. रूळ आपलं म्हणणं सांगत राहतो. दगड एकदाच सांगतो. 'भइर्जु सेणुई' हे नाव त्या दगडावर ज्या जागी कोरलं आहे, त्या जागेवरचा टवका गेला तर पुढे चालत जायला जागा नाही. शेजारच्या अक्षरांवरून अंदाज करायचा, आणि अंदाज केला आहे हे लिहून ठेवायचं.

हे लिहून ठेवणं म्हणजेच खरं काम, असं मला आता वाटतं. वाचणं त्या मानाने सोपं.

भाच्याचे तीन फोटो तीन वेळचे आहेत. पहिला भर दुपारचा. त्यात दगड चांगला दिसतो, अक्षरं मुळीच दिसत नाहीत. ऊन समोरून पडलं की खोबणीच्या दोन्ही कडा सारख्याच उजळतात, सावली उरत नाही, आणि अक्षर म्हणजे शेवटी सावलीच. दुसरा संध्याकाळचा, ऊन डावीकडून जवळजवळ जमिनीला समांतर येत असतानाचा. त्यात काने, दंड, उभ्या रेघा अशा स्पष्ट उभ्या राहिल्या की मी खुर्चीत पुढे सरकलो. पण शिरोरेषा नाहीशा झाल्या. मी आधी समजलो की त्या झिजल्या. झिजल्या नव्हत्या. उजेड ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने खोदलेली रेघ असली तर तिच्यात सावली पडत नाही, म्हणून ती लपते. मग मी भाच्याला रात्री विजेरी घेऊन पुन्हा जायला सांगितलं. दगडाच्या वरच्या कडेजवळ विजेरी आडवी धर आणि उजेड खाली सोड, असं सांगितलं. बिचारा गेला. त्या तिसऱ्या फोटोत शिरोरेषा परत आल्या, वेलांट्यांच्या कमानी आल्या, आणि काने फिके झाले. आता दुसरा आणि तिसरा फोटो शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक अक्षर पुरं होतं. एका फोटोवरून जो कुणी वाचन करतो, तो अर्ध्या रेघांवरून वाचन करतो.

उजेडाची आणखी एक गंमत आहे. फोटो उलटा धरला, किंवा विजेरी खालून वर मारली, तर खोदलेलं अक्षर उठावाचं दिसायला लागतं. उजेड वरून येतो अशी डोळ्याची जन्माची समजूत असते, ती तो सोडत नाही. खळगा टेकडी होतो आणि कपची उडालेली जागा मात्रेसारखी फुगून वर येते. म्हणून फोटोमागे उजेडाची दिशा बाण काढून लिहायची. मी तीनही फोटोंवर तसे बाण काढले आहेत.

खरं तर फोटोपेक्षा ठसा चांगला. अभिलेखांचे जाणकार ठसा घेतात तो असा: दगड स्वच्छ करून ओला करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून कागद खोबणीत उतरवायचा, आणि कागद थोडा सुकला की शाईची गादी वरून थापायची. शाई सपाटीला लागते, खोबणीत उतरलेल्या कागदाला लागत नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं. हीट नंबरावरून खडू फिरवण्याचीच ही रीत, फक्त खडूच्या जागी शाई आणि मध्ये कागद. शाई कागदाच्या वरच्या बाजूला लागते म्हणून अक्षरं उलटी होत नाहीत. ठशाला उजेडाची दिशा नसते, काना आणि शिरोरेषा त्याला सारख्याच. पण मी भिलाईत आणि दगड समुद्राकाठी, आणि असल्या दगडाला कुणीही उठून शाई-पाणी लावावं असं नाही, ते ज्याचं काम त्याने परवानगीने करायचं. माझ्या वाट्याला फोटो आला, तर फोटोचं वाचन फोटोचं म्हणूनच लिहायला हवं. वहीच्या पहिल्या पानावर मी तेच लिहिलं आहे: 'दगड पाहून नव्हे, तीन फोटो पाहून.'

या वहीची रीत सांगतो. आधी ओळी मोजायच्या. अक्षीच्या लेखाच्या नऊ. फोटोवर आरपार दिसणारा कागद ठेवायचा आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने बारीक रेघ मारायची. कोरणाऱ्याच्या ओळी सरळ नसतात, त्यांच्या वळणाने रेघही वळवायची. मग अक्षरं काढायची. वाचायची नाहीत, काढायची. जसा आकार दिसतो तसा, 'हे काय असेल' हा प्रश्न मनात न येऊ देता. हे मला जमेना. कारण शं. गो. तुळपुळ्यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या पुस्तकातलं वाचन मी आधीच पाहिलेलं होतं, आणि एकदा वाचलेलं डोळ्यातून जात नाही. जिथे नुसता खडबडीत दगड आहे तिथेही मला तुळपुळ्यांची अक्षरं दिसायला लागली.

मग मी नातीला बसवलं. ती सातवीत आहे. घरात मराठी बोलते, पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी, त्यामुळे तिची देवनागरी हिंदीच्या वळणाची. आमचा 'ल' आणि तिचा 'ल' वेगळा, आमचा 'श' आणि तिचा 'श' वेगळा. मला हे बरंच वाटलं. जिला काय लिहिलंय ते ठाऊक नाही आणि जिच्या हाताला मराठी वळणाची सवय नाही, तिची रेघ माझ्यापेक्षा खरी असणार. ती दोन तास जीभ बाहेर काढून आकार काढत होती. एका ठिकाणी थांबली. म्हणाली, "आबा, इथे काहीच नाहीये. तुम्ही म्हणता तिथे 'धा' आहे, पण मला फक्त एक काडी दिसते." मी भिंग लावलं. काडीच होती. 'ध' मी आणला होता.

त्या दिवसापासून वहीत तीन हात आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही फोटोंत निश्चित दिसतं ते शाईने. एखाद्या फोटोत दिसतं, किंवा अर्धं दिसतं आणि उरलेलं अर्धं दुसरं काही असू शकत नाही, ते पेन्सिलने आणि चौकोनी कंसात. जिथे जागा आहे पण अक्षर नाही तिथे टिंबं, एका अक्षराला एक टिंब. किती अक्षरं गेली ते ठरवायला मी कागदाची पट्टी वापरतो. त्याच ओळीतल्या निश्चित अशा दहा अक्षरांची लांबी पट्टीवर घ्यायची, दहाने भागायचं, आणि ती मापं गेलेल्या जागेवर ठेवायची. तीन बसली तर तीन टिंबं. कधी अडीच बसतात. मग दोन टिंबं आणि पुढे प्रश्नचिन्ह, कारण 'र' अरुंद असतो आणि जोडाक्षर ऐसपैस.

युरोपातल्या ग्रीक-लॅटिन लेखांच्या अभ्यासकांची एक रीत आहे, अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब द्यायचं. ती आपल्याला चालत नाही. आपल्याकडे अक्षराखालचं टिंब म्हणजे नुक्ता, आणि नात लगेच 'ड़' वाचेल. वर द्यावं तर अनुस्वार. देवनागरीत अक्षराच्या वर-खाली रिकामी जागा नाहीच, तिथे मात्रा राहतात. म्हणून आपल्याकडे कंसच. 'एपिग्राफिया इंडिका'तही पडझड झालेली, संदिग्ध अक्षरं चौकोनी कंसात आणि संपादकाने सुचवलेली दुरुस्ती गोल कंसात अशी चाल आहे. मी तीच उचलली.

देवनागरीचं आणखी एक आहे. अक्षर मरतं ते सगळं एकदम मरत नाही. कधी खालचं शरीर जातं आणि शिरोरेषेच्या वरची वेलांटी शाबूत राहते. मग फुली काढून तिच्यावर वेलांटी लिहायची: कोणतं तरी व्यंजन, पण 'ई'कार नक्की. ही अर्धी माहिती फार मोलाची असते. ती टाकून नुसतं टिंब दिलं तर पुढच्या वाचणाऱ्याला तिथे कोणतंही अक्षर बसवायची मुभा मिळते. आणि उभी रेघ दिसली की हात आखडायचा. त्या काळच्या नागरीत 'ए'ची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर नसून त्याच्या आधी उभी रेघ म्हणून येते. पृष्ठमात्रा म्हणतात तिला. आता लेखातल्या 'केसीदेवराय' या राजाच्या नावात 'सी' आणि 'द' यांच्यामध्ये एखादी उभी रेघ आढळली तर ती मागच्या अक्षराची की पुढच्याची? मागच्याची मानली तर 'द' उरतो, पुढच्याची मानली तर 'दे' होतो. ती रेघ नुसती दगडाची भेग असेल तर दोन्ही चूक. टोकं बघायची. छिन्नीची रेघ दोन्ही टोकांना संपते, भेग पुढे बारीक होत होत अक्षर ओलांडून जाते.

हे सगळं करताना मला सगळ्यात जास्त थांबवलं ते लेखाच्या आरंभाने. 'गीं सुष संतु' असा तो आरंभ. जगात सुख असो, असा अर्थ लावतात. तिथे 'सुष' आहे, 'सुख' नाही. जुन्या लिखाणात 'ख'च्या जागी 'ष' येतो, कारण तो तसाच उच्चारला जाई. पुढे 'पसीम' आहे, पश्चिम नाही. 'स्री' आहे, श्री नाही. 'महालषुमी' आहे. शाळेतल्या बाईंनी लाल शाईने भरून टाकलं असतं असं पान. पहिल्यांदा नक्कल केली तेव्हा माझ्या हाताने आपसूक 'श्री' लिहिलं. कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी तपासताना दिसलं. 'स्री' लिहिणाऱ्या माणसाची जीभ मी पुसून टाकली होती. हजार वर्षांपूर्वी समुद्राकाठी कुणीतरी तसं बोलत होतं आणि तेवढंच पुसट बोलणं त्या दगडात शिल्लक आहे. शुद्ध करून लिहिलं तर अर्थ राहतो आणि तो माणूस जातो. आता मी 'सुष' लिहून पुढे गोल कंसात (ख) लिहितो. कंसाच्या बाहेर तो, कंसाच्या आत मी.

आईही 'पसीम' म्हणायची. हे मला या वहीने आठवून दिलं.

आता सालाकडे येतो. तिथे मी पाच महिने आहे.

तुळपुळ्यांचं वाचन 'सकु संवतु ९३४' असं. म्हणजे इसवी सन १०१२. त्या वाचनावर अक्षीचा लेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत जाऊन बसतो, सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या लेखाच्याही सहा वर्षं आधी. पण याच आकड्यांचं शके ११३२ असंही वाचन झालेलं आहे. दोनशे वर्षांचा फरक, आणि तो बोटभर जागेतल्या झिजेवर. जुन्या नागरीत १ आणि ९ दोन्हींना वर गाठ आणि खाली शेपूट. गाठीची एक बाजू गेली की ते भाऊ-भाऊ होतात. आकडे तीन की चार, हाच प्रश्न तिथे पडतो, कारण एका आकड्याच्या दोन कडा अंधुक उजेडात दोन आकड्यांसारख्या दिसतात.

राजाच्या नावावरून सुटेल असं वाटतं. लेखात केसीदेवराय आहे, कोकणचा चक्रवर्ती, पश्चिम समुद्राचा अधिपती. पण उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव दोन झाले. एक अपराजिताचा मुलगा अरिकेसरी, त्यालाच केशिदेवही म्हणत, तो अकराव्या शतकाच्या आरंभी. दुसरा तेराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे ९३४ वाचा, राजा हजर. ११३२ वाचा, तरी राजा हजर.

उरतं संवत्सराचं नाव. मी जुनं पंचांग काढलं. साठ संवत्सरांचं चक्र शके १९०९ च्या पाडव्याला प्रभवापासून सुरू झालं, ते साल १९८७. तिथून मागे मोजायचं. १९०९ मधून ९३४ गेले, उरले ९७५. साठाची सोळा आवर्तनं, म्हणजे ९६०, सोडून दिली की उरले १५. प्रभवाच्या मागे पंधरावं नाव येतं परिधावी. आता ११३२. १९०९ मधून गेले, उरले ७७७. बारा आवर्तनं सोडून उरले ५७. प्रभवाच्या मागे सत्तावन्नावं, म्हणजे प्रमोद.

लेखात तुळपुळ्यांनी वाचलेलं नाव आहे 'प्रधावी'. ते परिधावीचं बोलीतलं रूप मानलं की ९३४ शी चपखल जुळतं. वहीत हा हिशेब मांडला तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. संध्याकाळ होती, प्लांटच्या बाजूला आभाळ तांबूस झालं होतं, बायकोने विचारलं, "झालं का तुमचं?" मी म्हणालो, झालं.

नव्हतं झालं. रात्री अंथरुणावर लक्षात आलं की प्रमोद आणि प्रधावी, दोघांचाही आरंभ 'प्र'. पुढे एकात 'मो', दुसऱ्यात 'धा'. आणि नातीला जिथे नुसती काडी दिसली होती ती जागा हीच. काडी 'धा'चा काना असू शकते, 'मो'चा भागही असू शकते. ज्याने आकडे ९३४ वाचले तो काडीच्या मागे 'ध' बघणार, आणि ज्याने ११३२ वाचले तो 'म' बघणार. आकडे नावाला धरून उभे आणि नाव आकड्यांना धरून उभं. एकाने दुसऱ्याची साक्ष द्यायची असेल तर निदान एकाने तरी स्वतःच्या पायांवर उभं राहायला हवं. शिवाय थोडं वरच 'महाप्रधान' हा शब्द आहे. 'प्रधा' ही अक्षरं नुकतीच वाचून डोळा खाली उतरतो, आणि 'प्र' दिसला की 'धा' आपोआप पुढे धावतो. नक्कल करणाऱ्याची ही फसगत नेहमीची.

वार आहे: 'सुक्रे'. शुक्रवार. १६ मे १०१२ ही तारीख या लेखासाठी सांगितली जाते. तिचा वार मी मोजून पाहिला, शुक्रवारच येतो. पण वाराने साल ठरायला सोबत तिथी लागते. नुसता शुक्रवार दर आठवड्याला येतो, ९३४ मध्येही आणि ११३२ मध्येही. आमच्या छत्तीसगडातला रतनपूरचा जाजल्लदेवाचा लेख बघा. तो आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. कलचुरी संवत ८६६, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार, असं त्यात सगळं आहे. अमुक साली अमुक तिथी रविवारी येते की नाही हे गणिताने तपासता येतं, आणि ८ नोव्हेंबर १११४ हा दिवस नेमका निघतो. तिथे आकडा झिजला असता तरी तिथी आणि वार यांनी मिळून तो सांगितला असता. कलचुरींच्या लेखांचा सगळा ग्रंथ नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९५५ मध्ये संपादून दिला, त्याची पानं चाळताना असे नीट बसणारे दिवस पाहून मला अक्षीच्या कोरणाऱ्यावर रागच यायचा. एक तिथी लिहिली असती तर! पण तो राग चुकीचा. त्याच्या गावाला साल सांगायचं नव्हतं. देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य द्यायचं, महालक्ष्मीची आण आहे, हे सांगायचं होतं. साल ज्यांनी दिलं घेतलं त्यांना ठाऊकच होतं.

अक्षरांच्या वळणावरून दोन शतकांतला फरक ओळखता येतो, हे खरं. पण ते वळण राजधानीत ताम्रपट कोरणाऱ्याचं जितकं भरवशाचं, तितकं गावातल्या पाथरवटाचं नाही. तो बापाकडून शिकलेलं वळण आयुष्यभर गिरवतो.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. मला ९३४च हवं आहे. आईच्या वाटेवरचा तो दगड मराठीतला सगळ्यात जुना असावा, असं मला मनापासून वाटतं. ज्या दगडापाशी ती नुसतं 'जुना दगड' म्हणाली, तो खरोखरच इतका जुना असावा. आणि मला हवं आहे म्हणूनच माझा डोळा त्या जागी साक्ष द्यायला लायक नाही. माझ्याकडे दुसऱ्या एका लेखाचा फोटो आला होता, त्यात कुणा उत्साही माणसाने सगळी अक्षरं आधी खडूने भरून घेतली होती. फोटो सुरेख, प्रत्येक अक्षर ठळक. पण तो दगडाचा फोटो नव्हताच, त्या माणसाच्या वाचनाचा फोटो होता. त्याने एका टवक्यालाही खडू भरला होता आणि तिथे छान अनुस्वार झाला होता. आता खडू धुतल्याशिवाय तो अनुस्वार कुणाला खोडता येणार नाही. मी शाईने ९३४ लिहिलं तर तेच करीन.

म्हणून वहीत आकडे पेन्सिलने आहेत आणि चौकोनी कंसात: [९३४]. खाली टीप: 'किंवा ११३२; संवत्सर पहा.' संवत्सराच्या जागी 'प्र' शाईने, 'धा' चौकोनी कंसात आणि पेन्सिलने, 'वी'ही तसाच. 'धा'च्या पुढे समासात नातीचं वाक्य तारखेसह लिहिलं आहे: 'फक्त एक काडी.' वाचन माझ्या नावावर असलं तरी ती साक्ष तिची आहे.

मागच्या आठवड्यात पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा तपासत होतो. छापील वाचनात लेख 'गीं'ने सुरू होतो. नुसत्या 'गीं'ला अर्थ नाही. आणि नवव्या ओळीच्या शेवटी, शापाच्या वाक्यात, एक एकटा 'ज' उरतो, त्यालाही पुढे काही नाही. कागद गुंडाळून नळी केली तर तो 'ज' येऊन 'गीं'ला टेकतो. जगीं. हे खरंच तसं आहे की शेवटी आणखी अक्षरं होती आणि ती गेली, ते फोटोवरून सांगता येत नाही. दगडाची खालची कड सावलीत आहे. भाच्याला मी अजून एकदा जायला सांगितलं आहे, या वेळी विजेरी उजवीकडून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. जातो म्हणाला.

तोवर वहीत तो ज चौकोनी कंसात आहे, पेन्सिलने.